घटक ६ : सौजन्यपूर्ण तक्रारपत्र : लग्नाच्या शर्टावर राहिलेला डाग

६.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला

• तक्रारपत्रातील सौजन्य वाक्यरचनेतून कसे निर्माण होते, ते सांगता येईल.
• 'निघणे–काढणे', 'राहणे–ठेवणे' या क्रियापदांच्या जोड्यांचा तक्रारीत विचारपूर्वक उपयोग करता येईल.
• घडलेली गोष्ट, तिचे अनुमान आणि आपली मागणी यांची सरमिसळ न करता पत्र लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण विनंतिपत्राचा विचार केला. तक्रारपत्र हे त्याहून अवघड असते. विनंतिपत्रात समोरच्याकडे काही मागायचे असते. तक्रारपत्रात मागायचे तर असतेच, पण त्याआधी त्याच्या कामात उणे राहिले, हेही सांगायचे असते. ते सांगितले नाही तर पत्राला अर्थ नाही. दुखावेल असे सांगितले तर मागणी मान्य होण्याची शक्यता कमी होते.

या घटकासाठी मुद्दाम एक लहान प्रसंग निवडला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एका तरुणाने आपल्या लग्नात घातलेला कोशाचा शर्ट ड्रायक्लीनिंगला दिला. आरमोरी आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड ही ठिकाणे कोशासाठी ओळखली जातात. त्यामुळे या भागात लग्नासाठी कोशाचे कापड घेणे स्वाभाविक आहे. पंगतीत तूप घातलेले वरण शर्टाच्या खिशावर सांडले होते. शर्ट घडी करून परत मिळाला. घरी घडी उलगडल्यावर खिशावर पिवळा डाग दिसला. अठरा दिवसांनी घरात दुसरे लग्न आहे आणि हाच शर्ट घालायचा आहे. प्रसंग काल्पनिक असला तरी असे पत्र लिहिण्याची वेळ कोणावरही येऊ शकते.

लहान गावात आणखी एक बाजू असते. ड्रायक्लीनिंगची दुकाने मोजकी असतात. ज्याच्याकडे तक्रार करायची, त्याच्याकडेच पुढचा कपडा द्यावा लागतो आणि आठवडी बाजारात तोच समोर येतो. पत्र पाठवल्यानंतरही संबंध उरणार आहे, हे लक्षात घेऊनच लेखणी हाती घ्यावी लागते.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ पत्रापूर्वी : नेमके काय घडले?

भाषेकडे वळण्यापूर्वी वस्तुस्थिती पाहू, कारण अचूक माहिती हाच सौजन्याचा पहिला आधार आहे.

ड्रायक्लीनिंगमध्ये कपडा पाण्याऐवजी रासायनिक द्रावकात धुतात. परक्लोरोइथिलीन किंवा खनिज तेलापासून केलेले द्रावक त्यासाठी वापरतात. अशा द्रावकात तेल, तूप, मेण यांसारखे स्निग्ध पदार्थ चांगले विरघळतात. साखर, मीठ, घाम असे पाण्यात विरघळणारे पदार्थ मात्र त्यात सहजासहजी निघत नाहीत. हळदीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य तंतूला चिकटून बसते. पूर्वी कपडे रंगवण्यासाठी हळद वापरत, ती याच गुणामुळे. म्हणून तुपाच्या वरणाचा डाग हा खरे तर दोन डागांचा बनलेला असतो. धुण्यात तुपाचे कडे निघून जाते आणि हळदीचा पिवळेपणा मागे राहतो.

असा डाग काढण्यासाठी धुण्याआधी किंवा नंतर त्या जागेवर स्वतंत्र प्रक्रिया करावी लागते. या व्यवसायात तिला 'स्पॉटिंग' म्हणतात. ती करणाऱ्याला डाग कशाचा आहे हे माहीत असावे लागते. कोसा हे रेशीमच असल्याने त्याला क्लोरीनचे ब्लीच चालत नाही. तंतू खराब होतात. तीव्र क्षारही चालत नाहीत. शिवाय क्षाराच्या स्पर्शाने हळद तांबूस होते. हळदीच्या डागावर साबण लावल्यावर तो लाल दिसतो, हे तुम्ही पाहिले असेल. डागावरून गरम इस्त्री फिरली तर तो अधिक पक्का होऊ शकतो. त्यामुळे ही तक्रार लांबवता येत नाही आणि दरम्यान घरी उपाय करून पाहणेही योग्य नाही.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. डाग न निघणे हा प्रत्येक वेळी दोष नसतो. काही डाग कापड न बिघडवता निघतच नाहीत. परंतु डाग राहिला असताना तसे न सांगता, वर इस्त्री करून कपडा परत देणे ही सेवेतील उणीव आहे. दुसरी गोष्ट अशी की, लहान गावातील दुकान हे काही वेळा कपडे स्वीकारण्याचे केवळ ठिकाण असते. प्रत्यक्ष धुलाई मोठ्या शहरात होते. पत्र ज्याच्या हाती पडणार, त्याने तो शर्ट धुतलेला असेलच असे नाही. पत्रलेखकाला हे ठाऊक नसते. पुढील विवेचनात हा मुद्दा पुन्हा येईल.

६.२.२ एक सदोष मसुदा

आता विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आढळतो तशा धर्तीचा एक मसुदा पाहा.

"महोदय, आपल्या सुप्रसिद्ध दुकानात मी मोठ्या विश्वासाने माझ्या लग्नाचा शर्ट दिला होता. परंतु आपण अक्षम्य निष्काळजीपणा करून डाग तसाच ठेवलात. आपल्यासारख्या नामांकित व्यावसायिकाकडून ही अपेक्षा नव्हती. माझ्या भावनांशी आपण खेळलात. तरी कृपया याची गंभीर दखल घ्यावी, ही नम्र विनंती."

या मसुद्यात 'महोदय', 'आपण', 'कृपया', 'नम्र विनंती' हे सौजन्याचे सारे शब्द आहेत. तरीही पत्र सौजन्यपूर्ण नाही. 'सुप्रसिद्ध' आणि 'नामांकित' ही विशेषणे पुढच्या आरोपामुळे उपरोधिक वाटतात. 'निष्काळजीपणा' हे लेखकाचे अनुमान आहे. त्याने काम होताना पाहिलेले नाही. 'तसाच' हा शब्द तर चुकीचाच आहे, कारण तुपाचे कडे गेलेले आहे. दुकानदाराला तेवढे एक कारण पुरेसे होईल, "तसाच कुठे आहे? आधी केवढा होता!" असे तो म्हणेल आणि मूळ तक्रार बाजूला पडेल. शेवटी, 'गंभीर दखल घ्यावी' म्हणजे नेमके काय करावे? शर्ट कोणता, कधी दिला, केव्हा परत हवा, यांपैकी काहीच पत्रात नाही.

यावरून असे म्हणता येईल की, सौजन्याचे शब्द वरून लावता येतात. सौजन्य मात्र वाक्याच्या रचनेत असावे लागते.

६.२.३ क्रियापदांच्या जोड्या आणि तक्रार

पुढील तीन वाक्यांची तुलना करा.

(१) तुम्ही डाग काढला नाहीत.
(२) डाग काढला गेलेला नाही.
(३) डाग निघालेला नाही.

तिन्ही वाक्यांतून कळणारी वस्तुस्थिती एकच आहे: डाग आहे. पहिल्या वाक्यात कर्ता समोर उभा आहे. 'नाहीत' मधील 'त' हा प्रत्यय तर त्याच्याकडे दुसऱ्यांदा बोट दाखवतो. दुसऱ्या वाक्यात कर्त्याचा उल्लेख नाही, पण 'काढणे' हे सकर्मक क्रियापद असल्याने कोणीतरी काढायला हवा होता, ही सूचना राहते. शिवाय ही रचना काहीशी कार्यालयीन वाटते. तिसऱ्या वाक्यात 'निघणे' हे अकर्मक क्रियापद आहे. तेथे लक्ष केवळ डागावर राहते.

मराठीत अशा जोड्या विपुल आहेत: निघणे–काढणे, राहणे–ठेवणे, फाटणे–फाडणे, तुटणे–तोडणे, सांडणे–सांडवणे. प्रत्येक जोडीतील पहिले क्रियापद घटना सांगते आणि दुसरे क्रियापद ती घडवणाऱ्यालाही समोर आणते. 'डाग राहिला' आणि 'डाग ठेवलात' यांतील अंतर तुम्हांला कानानेही जाणवेल. 'ठेवलात' म्हटले की त्यात हेतूही आला.

हे अंतर इतके का जाणवते? पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये मांडलेला सौजन्याचा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाच्या विचारातून त्यांनी 'मुखप्रतिष्ठा' ही संकल्पना घेतली. चारचौघांत आपला मान राहावा आणि आपल्यावर कोणी काही लादू नये, अशा दोन्ही इच्छा माणसाला असतात. तक्रार या दोन्हींना एकाच वेळी धक्का देते. ती उणीव दाखवते आणि काम करायलाही सांगते. 'तोंड दाखवायला जागा न उरणे' हा आपला वाक्प्रचार याच अनुभवातून आलेला आहे. उणीव सांगताना अकर्मक क्रियापद वापरले, तर पहिला धक्का सौम्य होतो.

पण येथे केवळ सौम्यपणाचा प्रश्न नाही. शर्ट कोणी धुतला, डाग कोणाच्या नजरेतून सुटला, हे पत्रलेखकाला माहीत नाही. म्हणून 'डाग राहिला आहे' हे वाक्य सौम्य तर आहेच, शिवाय अधिक खरेही आहे. जेवढे पाहिले तेवढेच त्यात सांगितले आहे.

मात्र हा नियम स्वतःला लागू करू नये. आपल्या तरुणाने शर्ट देताना डाग वरणाचा आहे, हे सांगितले नव्हते. हे लिहिताना 'सांगायचे राहून गेले' असे लिहिता येते, पण तेथे 'मी सांगितले नव्हते' अशीच रचना करावी. समोरच्याची उणीव सांगताना घटना पुढे ठेवावी आणि स्वतःची सांगताना कर्ता पुढे ठेवावा. स्वतःचा वाटा असा सरळ स्वीकारलेला पाहिल्यावर दुकानदारालाही आपला वाटा स्वीकारणे सोपे जाते.

६.२.४ 'आपण' आणि मागणीची रचना

औपचारिक पत्रात 'तुम्ही' ऐवजी 'आपण' वापरतात. परंतु 'आपण' या सर्वनामाचे मराठीत दोन अर्थ होतात: आदरार्थी 'तुम्ही' आणि श्रोत्याला सामावून घेणारे 'आम्ही'. 'आपण काल बोललो' म्हणजे दोघे बोललो. 'आपण काल बोललात' म्हणजे तुम्ही बोललात. 'आपण मुदत ठरवली' या वाक्यात मात्र संदिग्धता आहे. मुदत दोघांनी मिळून ठरवली की दुकानदाराने एकट्याने? पुढे वाद झाला तर हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो. 'ठरवलीत' असे लिहिले की संदिग्धता संपते. 'ठरवलीत' मधील 'ई' मुदतीशी आणि 'त' समोरच्या व्यक्तीशी जुळते. परंपरागत व्याकरणात अशा रचनेला संकर प्रयोग म्हणतात. उणीव सांगताना टाळलेला 'त' तारीख किंवा कबुली नोंदवताना मात्र आवश्यक ठरतो.

मागणीसाठी आज्ञार्थापेक्षा विध्यर्थ अधिक योग्य. 'शर्ट पुन्हा धुवा' ही आज्ञा झाली. 'पुन्हा प्रक्रिया करून द्यावी' यात अपेक्षा स्पष्ट आहे आणि मानही राखलेला आहे. 'पुन्हा प्रक्रिया करून मिळाल्यास मी उपकृत होईन' येथे मात्र नम्रता अस्थानी जाते. सेवेचे पैसे दिलेले आहेत; योग्य सेवा मिळणे हा उपकार नव्हे. ग्राहकाने हक्काची गोष्ट दानासारखी मागितली, तर नकार देणेही सोपे होते.

६.२.५ सुधारित पत्र

आता हे सर्व एकत्र करून पत्र लिहू.

दि. १० मे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
……… ड्रायक्लीनर्स,
गडचिरोली

विषय : पावती क्र. ११८ वरील कोशाच्या शर्टावर राहिलेल्या डागाबाबत

महोदय,

दि. २७ एप्रिल रोजी मी आपल्याकडे कोशाचा एक शर्ट ड्रायक्लीनिंगसाठी दिला होता. तो दि. ८ मे रोजी परत मिळाला. त्यासाठीचे १८० रुपये मी दिले आहेत.

डाव्या खिशावर वरणाचा डाग होता. त्यातील तुपाचे कडे पूर्ण गेले आहे. मात्र सुमारे दोन रुपयांच्या नाण्याएवढा हळदीचा पिवळा डाग राहिला आहे. शर्ट घडी केलेला असल्याने तो दुकानात लक्षात आला नाही. घरी गेल्यावर दिसला. डाग राहिल्याची नोंद शर्टासोबत किंवा पावतीवर आढळली नाही. शर्ट देताना डाग कशाचा आहे, हे मी सांगितले नव्हते. म्हणून ते येथे कळवत आहे. घरी त्यावर कोणताही उपाय केलेला नाही.

हा शर्ट माझ्या लग्नातील असून दि. २८ मे रोजी घरच्या दुसऱ्या लग्नात तो घालायचा आहे. तरी दि. २४ मेपर्यंत डागावर पुन्हा प्रक्रिया करून द्यावी व त्यासाठी वेगळा आकार घेऊ नये, ही विनंती. प्रक्रियेमुळे कापडाला धोका होईल असे आपले मत झाल्यास ती करू नये. तसे कळवून घेतलेली रक्कम परत करावी.

शर्ट या पत्रासोबत देत आहे. पावतीची छायाप्रत व डागाचे छायाचित्र जोडले आहे.

आपला,
अ. ब. क.

या पत्रात 'निष्काळजीपणा' नाही, तरीही तक्रार पूर्ण आहे. 'तुपाचे कडे पूर्ण गेले आहे' हे वाक्य झालेल्या कामाची दखल घेते आणि कारागिराला पुढील कामाची दिशाही देते. पहिल्या मसुद्यातील 'सुप्रसिद्ध' या शब्दापेक्षा दुकानदाराचा मान या वाक्याने अधिक राखला जातो. लग्नाचा उल्लेख भावना चाळवण्यासाठी नाही. मुदतीचे कारण म्हणून तो आला आहे. मुदतही प्रत्यक्ष दिवसाच्या चार दिवस आधीची आहे, म्हणजे नकार आला तरी दुसरी सोय करता येईल. शेवटच्या पर्यायामुळे दुकानदाराला 'जमणार नाही' असे सांगण्याचा सन्मान्य मार्ग उरतो. डाग निघालाच पाहिजे असा आग्रह धरला असता, तर त्याने तीव्र रसायन वापरण्याची आणि कापडच खराब होण्याची भीती होती.

वाक्ये लहान आहेत, हेही लक्षात घ्या. गडचिरोली जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी या भाषाही बोलल्या जातात. पत्र वाचणाऱ्याची मातृभाषा मराठी असेलच असे नाही. दुकानात मोठ्याने वाचून दाखवले तरी समजावे, अशी भाषा ठेवणे हेही सौजन्यच आहे.

पत्राच्या दोन प्रती काढाव्यात. एक दुकानात द्यावी आणि दुसरीवर पोच म्हणून तारखेसह सही घ्यावी. सोबत शर्ट दिला असल्यास त्याचीही नोंद त्या पोचेत असावी.

६.२.६ सौजन्याची मर्यादा

समजा, २४ मे उलटली आणि उत्तर आले नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील उणिवेबद्दल जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. गडचिरोली येथेही असा आयोग आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. परंतु पहिल्याच पत्रात आयोगाचा उल्लेख करू नये. त्यामुळे विनंतीची नोटीस होते आणि दुकानदार शर्टाऐवजी स्वतःच्या बचावाचा विचार करू लागतो. स्मरणपत्रात तो उल्लेख करता येईल.

आयोगापुढील तक्रारीत मात्र भाषा बदलावी लागते. तेथे 'डाग राहिला' एवढे म्हणून भागत नाही, कारण प्रश्न जबाबदारीचा असतो. 'विरुद्ध पक्षाने डाग राहिल्याची माहिती दिली नाही', 'दि. १० मेच्या पत्राला उत्तर दिले नाही' अशी कर्ता सांगणारी वाक्ये तेथे हवीत. पत्रात जी रचना सौजन्य ठरली, तीच तेथे संदिग्धता ठरते. आणि ही विधाने आता न्याय्यही आहेत. डाग कोणामुळे राहिला, हे लेखकाला ठाऊक नव्हते. उत्तर कोणी दिले नाही, हे त्याला ठाऊक आहे.

६.३ सारांश

तक्रारपत्रातील सौजन्य आदरार्थी शब्दांच्या संख्येवर अवलंबून नसते. समोरच्याची उणीव अकर्मक क्रियापदाने घटना म्हणून सांगावी आणि स्वतःचा वाटा कर्ता होऊन स्वीकारावा. तारखा आणि ठरलेल्या गोष्टी मात्र असंदिग्धपणे नोंदवाव्यात. मागणी एक कृती, एक मुदत आणि एक पर्याय अशा स्वरूपात विध्यर्थाने मांडावी. जबाबदारी निश्चित करण्याची वेळ आल्यावर कर्ता स्पष्ट करावा.

६.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'शिंप्याने बाही आखूड केली' आणि 'बाही आखूड झाली आहे' या वाक्यांतील फरक क्रियापदांच्या आधारे स्पष्ट करा. यांपैकी पहिल्या पत्रात कोणते वाक्य वापराल?
२. 'आपण तारीख सांगितली' या वाक्यातील संदिग्धता दाखवा आणि ती दूर करा.
३. सुधारित पत्रातील शर्टाला मुदतीत उत्तर मिळाले नाही असे समजून दुकानदारास स्मरणपत्र लिहा. त्यातील कोणत्या वाक्यांत कर्ता आणलात आणि का, हे दोन ओळींत नोंदवा.